25 लाखांच्या कर्जावर 54 लाख व्याज?

वाचकाचं पत्र

आम्ही दोघं नोकरी करतो, भुसावळला राहतो. मागच्या वर्षी जळगावात घर घेतलं. 25 लाखांचं कर्ज, साडेआठ टक्के बदलता व्याजदर, 20 वर्षं मुदत, 21,696 रुपये हप्ता. बारा हप्ते भरून झाले. परवा बँकेतून हप्त्यांचा पूर्ण तक्ता आणला. रात्री बसून त्याच्या 260 ओळी संगणकावर उतरवल्या आणि व्याजाच्या रकान्याची बेरीज केली, तर 54 लाखांच्या वर! मुद्दल 25 आणि व्याज 54? त्या दिवसापासून झोप नाही. ऑफिसातले लोक सांगतात, बँक आधी सगळं व्याज वसूल करते, म्हणून फेडायचं तर आत्ताच, नंतर फेडून उपयोग नसतो. सासऱ्यांचं यावलकडे केळीचं शेत आहे. त्यातल्या एका एकराला 15 लाखांचं गिऱ्हाईक आलंय आणि ते म्हणतात, विकू आणि हे ओझं उतरवू. आमच्या स्वतःच्या शिलकीत साडेतीन लाख आहेत. एकर विकावं, शिलकीतले पैसे भरावेत, की आहे तसंच चालू द्यावं?

उत्तर

ताई,

शेताकडे नंतर येऊ. आधी तुमची बेरीज बघू, कारण ती चुकली आहे. आणि हे तुमचा तक्ता न बघताही सांगता येतं.

तुमचा हप्ता 21,696 रुपयांचा आणि हप्ते 240. गुणाकार केला की 52,07,040 रुपये होतात. वीस वर्षांत तुमच्या खात्यातून बँकेकडे जाणारी ही सगळी रक्कम, मुद्दल आणि व्याज दोन्ही धरून. मग एकटं व्याज 54 लाख कुठून येईल? 52 लाखांतून तुमचं 25 लाखांचं मुद्दल वजा करा, 27 लाख 7 हजार उरतात. तेवढंच व्याज. तुमचा आकडा याच्या बरोबर दुप्पट आहे आणि त्याचं कारण तुम्हीच पत्रात लिहिलं आहे. वीस वर्षांचे महिने 240, मग ओळी 260 कशा? जास्तीच्या वीस ओळी म्हणजे दर वर्षाच्या शेवटी छापलेली त्या वर्षाची एकूण. अनेक बँकांच्या तक्त्यात बारा हप्त्यांनंतर अशी एक ओळ येते. तुम्ही हप्त्यांचं व्याज मिळवलं आणि त्याच व्याजाच्या वार्षिक बेरजाही वर मिळवल्या. म्हणून प्रत्येक रुपया दोनदा मोजला गेला.

पुढे कधी अशी बेरीज कराल तेव्हा व्याजाच्या आधी मुद्दलाच्या रकान्याची बेरीज करून बघा. ती कर्जाच्या रकमेइतकीच यायला हवी. तुमच्या तक्त्यात ती 50 लाख येईल आणि चूक तिथेच पकडली जाईल. उलट्या बाजूची चूकही होते. तक्ता टाइप न करता फाइलमधून तसाच उचलून चिकटवला, तर स्वल्पविराम असलेले आकडे कधीकधी नुसता मजकूर म्हणून बसतात, बेरजेत धरलेच जात नाहीत, आणि व्याज शून्य किंवा फारच कमी दिसतं. तेव्हाही मुद्दलाची बेरीज चुगली करते. तक्ता उतरवायचाच नसेल तर संगणकाच्या त्याच पत्रकात एका रिकाम्या चौकटीत हे लिहा:

```
=CUMIPMT(0.085/12, 240, 2500000, 1, 240, 0)
```

उत्तर उणे 27,06,939 च्या आसपास येईल. उणे चिन्ह एवढंच सांगतं की पैसा तुमच्याकडून बाहेर जातोय. बँकेच्या तक्त्याशी काही शेकड्यांचा फरक पडला तर काळजी करू नका, हप्ता पूर्ण रुपयात बसवल्यामुळे शेवटचा हप्ता थोडा लहान निघतो. बिल्डरला पैसे टप्प्याटप्प्याने दिले गेले असतील, तर हप्ते सुरू होण्याआधी तुम्ही जे नुसतं व्याज भरलं ते या तक्त्यात बहुधा नसेल. ते खातेउताऱ्यात शोधून वेगळं मिळवा.

आता तुम्ही म्हणाल, 54 नाही तर नाही, पण 27 सुद्धा 25 पेक्षा जास्तच की! खरं आहे. घराची दुप्पट किंमत मोजतोय असं वाटणारच. पण या 27 लाखांचा अर्थ काय, ते ऑफिसातल्या मंडळींनी तुम्हाला उलटं सांगितलं आहे, आणि त्या उलट्या समजुतीवर तुम्ही शेत विकायला निघाला आहात.

बँक आधी व्याज वसूल करते, असं नसतं. तक्त्याची पहिली ओळ घ्या. 25 लाखांवर साडेआठ टक्क्यांनी वर्षाचं व्याज 2,12,500 रुपये, त्याचा बारावा भाग 17,708. हप्त्यातले उरलेले 3,988 रुपये मुद्दलात जमा. आता कर्ज राहिलं 24,96,012. दुसऱ्या महिन्याचं व्याज फक्त या रकमेवर, म्हणजे 17,680. पहिल्यापेक्षा 28 रुपयांनी कमी, आणि तेवढेच 28 रुपये मुद्दलाकडे जास्त. तक्त्याच्या 240 ओळींत हाच एक हिशोब पुन्हा पुन्हा केलेला आहे: त्या महिन्यात जेवढी बाकी, तेवढ्याच बाकीचं एका महिन्याचं व्याज. पुढच्या महिन्याचं व्याज आज कुणी घेत नाही. सुरुवातीला व्याज जास्त दिसतं ते सुरुवातीला बाकी जास्त असते म्हणून.

सासऱ्यांना समजावताना त्यांच्याच भाषेत सांगा. कुणी 25 एकर शेत नफ्याने, म्हणजे खंडाने, घेतलं आणि दर वर्षी थोडं थोडं परत करत गेला, तर नफ्याची रक्कम हातात उरलेल्या एकरांवरच द्यायची. पहिल्या वर्षी 25 एकरांची द्यावी लागली म्हणून मालकाने पुढचा नफा आधी उकळला असं आपण म्हणत नाही.

याच हिशोबाने तुमच्या 27 लाखांची फोड करता येते. 240 महिन्यांच्या सुरुवातीची बाकी घेऊन तिची सरासरी काढली तर ती 15 लाख 92 हजारांच्या आसपास येते. म्हणजे कर्ज 25 लाखांचं असलं, तरी वीस वर्षांत सरासरीने तुमच्याकडे बँकेचे 16 लाखांना थोडे कमी एवढेच पैसे होते. 15 लाख 92 हजारांवर साडेआठ टक्के म्हणजे वर्षाला सुमारे 1,35,300. वीस वर्षांचे 27 लाख 6 हजार. बेरीज जुळली. यात छुपं काही नाही.

म्हणून एकूण व्याज आणि मुद्दल शेजारी ठेवून कर्ज महाग की स्वस्त ते ठरत नाही. ते आकडे प्रामुख्याने एवढंच सांगतात की पैसे किती काळ वापरले. तुमचंच कर्ज याच साडेआठ टक्क्यांनी दहा वर्षांसाठी घेतलं असतं, तर हप्ता 30,996 आणि एकूण व्याज 12 लाख 20 हजार, मुद्दलाच्या निम्म्याहून कमी. पंधरा वर्षांसाठी हप्ता 24,618 आणि व्याज 19 लाख 31 हजार. तीस वर्षांसाठी हप्ता जेमतेम 19,223, पण व्याज 44 लाख 20 हजार. व्याजदर चारही वेळा तोच आहे. तीस वर्षांचा तक्ता पाहून बँकेला शिव्या देणारा माणूस दहा वर्षांच्या तक्त्याला स्वस्त म्हणेल, आणि दोन्ही वेळा चुकेल. दहा वर्षांच्या कर्जात त्याला दर महिन्याला तुमच्यापेक्षा 9,300 रुपये जास्त काढावे लागले असते. वीस ते तीसच्या फरकाबद्दल मात्र माझं मत ठाम आहे: हप्ता अडीच हजारांनी कमी करण्यासाठी 17 लाखांचं जादा व्याज पत्करणं, नाइलाज असल्याशिवाय करू नये.

एका ठिकाणी मात्र ही बेरीज खरोखर कामाची आहे. काही ठिकाणी व्याज कमी होणाऱ्या बाकीवर लावत नाहीत, शेवटपर्यंत मूळ रकमेवर लावतात. दर ऐकायला तोच, साडेआठ टक्के. पण 25 लाखांवर वीस वर्षं तसं व्याज लावलं तर ते साडेबेचाळीस लाख होतं. हे ओळखायला गणित लागत नाही. व्याजाच्या रकान्यावरून बोट खाली फिरवा. आकडा दर ओळीला थोडा थोडा उतरत असेल तर ठीक. सगळ्या ओळींत एकच आकडा असेल तर कर्ज महाग आहे, मग दर काहीही सांगितलेला असो. घरकर्जात हे सहसा दिसत नाही, पण दुकानातल्या हप्त्यांवरच्या वस्तू किंवा छोट्या संस्थांची कर्जं घेताना हे बोट जरूर फिरवा. 1 ऑक्टोबर 2024 पासून बँकांना आणि वित्तकंपन्यांना नव्या किरकोळ कर्जासोबत मुख्य माहितीचं पत्रक द्यावं लागतं. त्यात हप्त्यांचा तक्ता असतो आणि प्रक्रिया शुल्क वगैरे धरून प्रत्यक्षात पडणारा वार्षिक दरही असतो. दोन बँकांची तुलना करायची तर त्या दराची करावी, एकूण व्याजाची नव्हे.

आणखी एक गोष्ट तुमच्या बेरजेत लपली आहे. तिच्यात या वर्षीचे रुपये आणि वीस वर्षांनंतरचे रुपये एकाच रकान्यात बसले आहेत. आज तुमच्या पगारातून 21,696 जाताना टोचतात. शेवटचा हप्ताही 21,696 चाच असेल, पण तोवर पगार वाढलेला आणि रुपया हलका झालेला असेल. समजा महागाई वर्षाला 5 टक्के राहिली, तर 240 हप्त्यांची आजच्या रुपयांतली किंमत 32 लाख 87 हजार भरते. म्हणजे आजच्या भाषेत 25 लाखांवर जादा गेले ते सुमारे 7 लाख 87 हजार. महागाई किती राहील ते कुणाला माहीत नाही, त्यामुळे या आकड्याला चिकटून बसू नका. पण 27 लाखांच्या धसक्याला एवढा उतारा पुरेसा आहे.

तक्त्याची आणखी एक मर्यादा आहे. तुमचा दर बदलता आहे, आणि तक्ता तर साडेआठ टक्के वीस वर्षं कायम राहतील असं धरून छापलेला आहे. तसं होणार नाही. मे 2022 ते फेब्रुवारी 2023 या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर 4 टक्क्यांवरून साडेसहा टक्क्यांवर नेला, तेव्हा अनेकांचे हप्ते तेच राहिले आणि मुदत मात्र गुपचूप वाढली. तुमच्याच कर्जात आज, बारा हप्त्यांनंतर, दर 9 टक्के झाला आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले 228 हप्ते 251 च्या पुढे जातात. अर्ध्या टक्क्याने जवळपास 23 हप्ते वाढतात, म्हणजे पाच लाख रुपये! दर वाढला की हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची, की दोन्ही थोडं थोडं, हे विचारून घेण्याची सोय बँकेने द्यावी, असा नियम रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट 2023 मध्ये केला. दर तिमाहीला मिळणाऱ्या उताऱ्यात आजवर गेलेलं मुद्दल, आजवर गेलेलं व्याज आणि उरलेल्या हप्त्यांची संख्या द्यावी, हेही त्यातच आहे. संपूर्ण तक्त्याची बेरीज वर्षातून एकदा केली तरी चालेल. उरलेल्या हप्त्यांची संख्या मात्र दर तिमाहीला बघा. दर महिन्याला एक हप्ता भरूनही ती संख्या तीनने उतरली नसेल, तर दर बदलला आहे आणि तुम्हाला विचारलेलं नाही.

आता पैसे भरण्याचा प्रश्न.

पहिल्या वर्षात तुम्ही 2 लाख 60 हजार भरले. त्यातले 49,756 रुपये मुद्दलात गेले, बाकीचे 2 लाख 10 हजार व्याजात. आज बाकी 24,50,244. साडेतीन लाखांतले 2 लाख आत्ता कर्जात भरले आणि हप्ता तोच ठेवला, तर उरलेले 228 हप्ते 188 वर येतात. चाळीस हप्ते कमी. भरलेले 2 लाख वजा करता निव्वळ व्याज 6 लाख 68 हजारांनी कमी होतं. तेच 2 लाख दहा वर्षांनी भरले, तर वीस हप्ते आणि 2 लाख 36 हजार व्याज वाचतं. नंतर भरून उपयोग नाही, या म्हणण्यात एवढंच तथ्य आहे की वाचणारं व्याज कमी दिसतं, कारण वाचवायला वर्षंच कमी उरलेली असतात. दर वर्षामागे मिळणारा फायदा दोन्ही वेळा साडेआठ टक्केच आहे. ज्यांच्या कर्जाची दहा-बारा वर्षं झाली आहेत त्यांनाही जादा पैसे भरण्यात तोच मोबदला मिळतो. तुमच्या तक्त्यात 143 व्या हप्त्यापासून मुद्दलाचा भाग व्याजापेक्षा मोठा होतो. त्या हप्त्याला लोक फार महत्त्व देतात, पण निर्णयासाठी त्याला काही अर्थ नाही. 142 व्या महिन्यात भरलेला रुपया आणि 144 व्या महिन्यात भरलेला रुपया एकाच दराने व्याज वाचवतो.

बँकेत तुम्हाला विचारतील, मुदत कमी करायची की हप्ता? काही ठिकाणी विचारतच नाहीत, परस्पर हप्ता कमी करतात. 2 लाख भरून मुदत तीच ठेवली तर हप्ता 1,771 रुपयांनी उतरून 19,925 होतो आणि व्याजातली बचत फक्त 2 लाख 4 हजार. मुदत कमी केली तर 6 लाख 68 हजार. फरक मोठा दिसतो, पण न्यायाने सांगायचं तर दुसऱ्या पर्यायात दर महिन्याचे 1,771 तुमच्याच हातात राहतात. ते राखून ठेवणारे लोक मी फार थोडे पाहिले. तुम्हा दोघांचे पगार चालू आहेत, हप्ता झेपतोय, तेव्हा मुदत कमी करा.

साडेतीनपैकी दीड लाख मात्र हलवू नका. सात हप्त्यांएवढी ती रक्कम आहे. कर्जात भरलेला पैसा दवाखान्याच्या वेळी बँक परत देत नाही, आणि मग अठरा-वीस टक्क्यांनी वैयक्तिक कर्ज काढावं लागलं की साडेआठ टक्के वाचवल्याचं सुख संपतं. तुम्ही जुन्या करपद्धतीत असाल तर राहत्या घराच्या व्याजावर वर्षाला 2 लाखांपर्यंत वजावट मिळते. 2 लाख भरल्यावर पुढच्या वर्षीचं व्याज त्या मर्यादेच्या थोडं खाली येईल, तोटा नगण्य आहे. नव्या पद्धतीत राहत्या घरासाठी ही वजावट नाहीच, त्यामुळे तिथे हा विचारही नको. बदलत्या दराच्या व्यक्तिगत घरकर्जात आधी पैसे भरल्याबद्दल दंड घेता येत नाही. कुणी मागितला तर लेखी मागा, बहुधा तिथेच विषय संपतो.

आणि शेत. कागदावरचं गणित मोहात पाडणारं आहे, म्हणून ते लपवत नाही. 15 लाख आज कर्जात भरले तर बाकी साडेनऊ लाख, उरलेले हप्ते फक्त 53, आणि एकूण व्याज 27 लाखांऐवजी 4 लाखांच्या आसपास. 15 लाख देऊन 23 लाख वाचले, असं गिऱ्हाईकही म्हणेल आणि नात्यातलं कुणीतरीही म्हणेल. पण हे 23 लाख म्हणजे त्या 15 लाखांमुळे पुढच्या वर्षांत साडेआठ टक्क्यांनी वाचणारं व्याज, एवढंच आहे. मग प्रश्न असा उरतो: तो एकर वर्षाला साडेआठ टक्के देतो का? 15 लाखांचे साडेआठ टक्के म्हणजे 1,27,500 रुपये. बियाणं नव्हे, रोपं, ठिबक, खत, मजुरी, बांधणी सगळं वजा जाता सासऱ्यांना त्या एकरात वर्षाला निव्वळ काय सुटतं, ते त्यांना विचारा. चांगल्या भावाच्या वर्षाचं एकट्याचं विचारू नका. मागच्या पाच वर्षांचं विचारा, गारपिटीचं, वादळात घड आडवे झाल्याचं आणि सीएमव्ही विषाणूमुळे बाग उपटावी लागल्याचं वर्ष धरून. त्यात जमिनीचा भाव दर वर्षी अंदाजे किती चढतो ते मिळवा. बेरीज 1,27,500 च्या वर जात असेल तर विकणं तोट्याचं आहे. फार खाली राहत असेल तर विक्री हिशोबात बसते, हे मान्य करायला हवं.

पण हिशोबात बसते म्हणून विकाच, असं मी म्हणणार नाही. कर्ज तुमचं आहे, शेत त्यांचं. त्यांचं वय झालंय, त्या एकरावर त्यांचा रोजचा दिवस आणि हातखर्च चालत असेल, तर तुमचं व्याज वाचवायला त्यांचं उत्पन्न बंद होतं. त्यांना आणखी मुलं-मुली असतील तर हा निर्णय फक्त तुमच्या घरात घेताच येणार नाही. पाणी असलेला तुकडा गेला की तसाच परत मिळणं कठीण. हप्ता मात्र तुम्हाला झेपतो आहे, एकही थकलेला नाही. ज्यांचे हप्ते थकायला लागले आहेत त्यांना मी वेगळं सांगितलं असतं. तुमच्या घरात हा विषय निघाला तो थकबाकीमुळे नव्हे, दोनदा मोजल्या गेलेल्या एका आकड्यामुळे. सासऱ्यांना आधी खरा आकडा दाखवा आणि गिऱ्हाइकाला निदान या वर्षी नाही म्हणा.

जादा पैसे दर वर्षी जमतीलच असं नाही. त्यापेक्षा महागाई भत्ता वाढला की हप्ताच थोडा वाढवून घ्या. समजा 2 लाख भरलेच नाहीत आणि नुसता हप्ता 1,000 रुपयांनी वाढवला, तरी 228 चे 205 हप्ते होतात आणि व्याज सुमारे 2 लाख 94 हजारांनी उतरतं. हजार रुपये पगारातून परस्पर गेले की त्यांची आठवणही राहत नाही.

बँकेत जाल तेव्हा तोंडी सांगून येऊ नका. साधा अर्ज लिहा: कर्ज खात्यात 2 लाख रुपये मुद्दलापोटी जमा करावेत, हप्ता 21,696 कायम ठेवावा, मुदत कमी करावी आणि नवा तक्ता द्यावा. 'मुद्दलापोटी' हा शब्द गाळू नका. नाहीतर काही वेळा ती रक्कम पुढच्या हप्त्यांचा आगाऊ भरणा म्हणून पडून राहते आणि व्याज चालूच राहतं. पोच घ्या. नवा तक्ता हातात आला की पहिल्या ओळीतली बाकी 22 लाख 50 हजारांच्या जवळ आहे का ते बघा, मग थेट शेवटचं पान उघडा. भरलेले बारा धरून शेवटच्या हप्त्याचा क्रमांक 200 च्या आसपास हवा. तिथे अजून 240 दिसत असेल तर त्यांनी हप्ता कमी केला आहे, दुसऱ्या दिवशी अर्जाची पोच घेऊन परत जा.